ताईच्या 40व्या वाढदिवसाला काय लिहू? एकटी पोराला वाढवून राहिलीये, पण वाचणाऱ्याला बिचारी वाटेल असं काही नको

मनीषनगरचा_भाऊ

नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी माझ्या मोठ्या ताईचा चाळीसावा. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, भाचा सातवीत आहे, ताई एका सीएच्या ऑफिसात सिनियर आहे आणि घर, शाळा, ऑफिस, आईचा दवाखाना सगळं तीच बघते. संध्याकाळी घरीच जेवण आहे, घरातले आणि तिच्या दोनतीन मैत्रिणी मिळून पंधराएक लोक, आणि मला तिथे उभं राहून दोन शब्द वाचायचे आहेत, तेच मग फॅमिली ग्रुपवर पण टाकीन. आतापर्यंत लिहिलंय ते असं:

"ताई, तू आमच्या भाच्याची आई पण आहेस आणि बाबा पण. इतकं सगळं सोसूनही तुझ्या चेहऱ्यावरचं हसू कधी मावळलं नाही. बाबाची कमी तू त्याला कधी भासू दिली नाहीस. तुझ्या जिद्दीला सलाम. तू सुपरवुमन आहेस, तू कधीच थकत नाहीस. हॅप्पी बर्थडे."

बायको म्हणते छान आहे. पण मी ताईचा चेहरा डोळ्यासमोर आणला की वाटतं ती मान खाली घालून प्लेटा उचलायला लागेल. नेमकं काय खटकतंय ते सांगा आणि काय करू तेही सांगा.

तर्री_मारके

भाऊ सिंपल आहे, तो विषयच काढू नको. सगळ्यांना जसं लिहितो तसं लिही, हॅप्पी बर्थडे ताई, खूप खूप प्रेम, केक कापू, विषय संपला. कोणाच्या पर्सनल लाइफवर पंधरा लोकांसमोर कशाला बोलायचं? माझ्या ऑफिसातल्या एका मॅडमला असंच कोणीतरी "एकट्या असूनही" वगैरे म्हटलं तर त्या नंतर जेवायला थांबल्याच नाहीत.

इतवारी_वाला

अरे बाप्पा चाळीसावा आहे तं घरी काऊन करून राहिला? हॉल घे ना एखादा. अन् फ्लेक्स लाव चौकात, चांगला मोठा, ताईचा फोटो अन् खाली "कर्तृत्ववान माता" असं लिवून. आमच्याकडे करतेत तसं. संत्रा बर्फी मी पाठवून देतो, किती किलो लागन ते सांग.

मनीषनगरचा_भाऊ

@इतवारी_वाला दादा बर्फी नक्की सांगतो, पण फ्लेक्स नको, ताईला चौकातून ऑफिसला जावं लागते रोज. मी शब्दांबद्दल विचारून राहिलोय.

@तर्री_मारके तुझं अर्धं पटलं. पण मग मी इतक्या वर्षांत काही पाहिलंच नाही असं होते ना. सगळ्यांना जे लिहितो तेच तिला लिहायचं तर उभं राहून वाचायचं कशाला?

मानपत्रवाल्या_मावशी

मी बरीच वर्षं मानपत्रं लिहून देते, निवृत्ती, साठी, सत्कार, शाळांचे कार्यक्रम. म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

तुमचा मसुदा प्रेमाने लिहिलाय हे कळतं. पण त्यातली क्रियापदं बघा. सोसलं, मावळलं नाही, भासू दिलं नाही, थकत नाहीस. यात ताईने केलेलं असं एकही काम नाही, तिच्यावर काय आलं आणि तिचं काय झालं नाही एवढंच आहे. मानपत्रात पण हेच होतं. लोक येतात आणि म्हणतात सरांनी खूप कष्ट घेतले असं लिहा. मी विचारते, कोणते? काय ठरवलं त्यांनी, काय नवीन शिकले, कशाला नाही म्हणाले? तिथे माणूस दोन मिनिटं गप्प बसतो आणि मग खरी गोष्ट सांगतो. ओझं कोणावरही येऊ शकतं हो. ते उचलताना त्या माणसाने डोकं कसं चालवलं ते सांगितलं की ऐकणाऱ्याच्या मनात मान येतो. नुसतं ओझं सांगितलं की कीव येते, तुम्ही कितीही गोड शब्द वापरा.

दुसरं, "आई पण आणि बाबा पण" आणि "बाबाची कमी". ही दोन्ही वाक्यं जो माणूस खोलीत नाही त्याच्याबद्दल आहेत. वाढदिवस ताईचा आणि निम्मं भाषण त्याच्यावर. आणि सातवीतलं पोरगं समोर बसलेलं असेल, त्याला सगळ्यांदेखत सांगितलं जातंय की तुझ्याकडे काहीतरी कमी आहे. माझा साधा नियम आहे, नसलेल्या माणसाची आठवण काढल्याशिवाय ज्या वाक्याला अर्थच लागत नाही ते वाक्य काढायचं.

तिसरं "कधीच थकत नाहीस". हे कौतुक वाटतं पण ऐकणारी अडकते. उद्या तिला म्हणायचं असेल की आज नाही जमत, तर कुठल्या तोंडाने म्हणेल?

आता तुम्ही एक करा. ताईने केलेल्या आणि तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या तीन गोष्टी इथे लिहा. ऐकलेल्या नको.

महाल_काकू

मावशींचं सगळं बरोबर असेल पण मला एक बोलू दे. आमच्या पिढीत "पोरीने खूप सोसलं" असं चार माणसांत कोणी म्हटलं तर तेवढाच आधार वाटायचा. माझ्या नणंदेला कोणी ते पण म्हटलं नाही. तिला हिशोब विचारले, कधी आलीस कधी गेलीस ते विचारलं, सोसलं असं कोणी म्हणालं नाही. त्यामुळे ते शब्द काढून टाका म्हटलं की मला थोडं लागतं. तो पण मानच होता आमच्यासाठी.

मानपत्रवाल्या_मावशी

@महाल_काकू तुमचं म्हणणं मी खोडत नाही. तुमच्या नणंदेला त्या शब्दांची गरज होती आणि ते तिला मिळायला हवे होते. पण ते दोघीतिघी स्वयंपाकघरात बसलेल्या असताना, हात हातात घेऊन म्हणायचे शब्द आहेत. पंधरा लोकांसमोर उभं राहून वाचताना तेच वेगळे लागतात, कारण मग सगळे एकदम तिच्याकडे बघतात.

हिंगणा_शिफ्ट

मी बाप आहे, मुलगी नऊ वर्षांची, बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. धागा वाचून लिहावंसं वाटलं. मागच्या वाढदिवसाला कंपनीत केक कापला आणि एचआरवाल्यांनी माइकवर सांगितलं की "हे बाप असून आईची माया देतात, रोज स्वतः डबा बनवतात" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डबा तर आमच्या लाइनवरच्या सगळ्या बाया बनवून येतात, त्यांच्यासाठी कधी टाळ्या नाही वाजल्या, त्या समोरच उभ्या होत्या, मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

खरं काय केलं मी ते कोणालाच माहीत नाही. सेकंड आणि नाइट शिफ्ट सोडून जनरल मागून घेतली. त्यात नाइट अलाउन्स गेला आणि ओटी पण जवळपास बंद झाला, पगारात दिसतो तो फरक. पण संध्याकाळी सहाला घरी असतो, आणि पोरीचा गणिताचा गोंधळ तेव्हाच निस्तरतो, रात्री नऊला बसवलं तर ती रडते. हा हिशोब मी एकट्याने बसून केला. कोणी तेवढं एक वाक्य बोललं असतं ना, की ह्याने विचार करून शिफ्ट बदलली, तर मला फार बरं वाटलं असतं.

तर्री_मारके

@हिंगणा_शिफ्ट दादा हे वाचून मी थांबलो जरा. विषयच काढू नको म्हणालो होतो मी, पण तुमच्या केसमध्ये काहीच न बोलणं पण बरोबर नसतं झालं.

मनीषनगरचा_भाऊ

मावशी, तीन गोष्टी लिहितो, लांब होईल.

एक, कूलर. ताईकडे तो मोठा डेझर्ट कूलर आहे, बाबांच्या वेळचा. दरवर्षी होळी झाली की त्याच रविवारी ती तो गॅलरीत ओढते, तिन्ही बाजूच्या ताट्या काढते, जुनी खस कडक होऊन गेलेली असते ती फेकते, टाकीत खाली पांढरा खार बसलेला असतो तो खरवडते, पंप उघडून त्याची जाळी साफ करते आणि बादलीत बुडवून चालवून बघते, मग नवी खस भरून ताट्या बसवते. मी एकदा म्हटलं अगं मिस्त्री बोलाव ना, तर म्हणाली एप्रिलमध्ये पूर्ण नागपूर एकाच वेळी मिस्त्रीला फोन करते, तेव्हा तो चार दिवस येत नाही आणि खसचा भाव पण वाढलेला असतो, मार्चमध्ये दुकानदार निवांत असतो, खस निवडून घेता येते. मागच्या मे मध्ये आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याचा त्याचा पंप जळत होता, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि भाचा गार हवेत पाय पसरून झोपलेला. आता तर खालच्या मजल्यावरच्या काकू पण खस कधी आणायची ते ताईला विचारतात.

दोन, रविवारी रात्री ती फ्रिजवर एक कागद लावते, आठवड्याचा. कोणत्या दिवशी भाच्याला कोण आणणार, पीटीचा ड्रेस कधी, आईची शुगरची तपासणी कधी, आणि एक रकाना असतो "भाचा स्वतः करणार", त्यात तो काय करणार ते त्यानेच लिहायचं. आधी फक्त बाटली भरणं होतं, आता स्वतःचे शर्ट इस्त्री करणं पण आहे.

तीन, गेल्या वर्षी ती कार शिकली. चाळीशीला आल्यावर. आणि पहिला लांबचा प्रवास आईला मागे बसवून रामटेकचा केला. मी म्हटलं मी येतो सोबत, तर म्हणाली नको, तू असलास की मी तुझ्याकडे बघत राहीन.

जुलैमध्ये रिटर्नच्या गर्दीत ती रात्री एकपर्यंत जागते तेही आहे पण ते सगळ्याच सीए ऑफिसात होतं.

मानपत्रवाल्या_मावशी

बघा, तुमच्या मसुद्यात नव्हती ती ताई इथे आली.

जुलैचं जागरण तुम्ही स्वतःच बाजूला केलंत ते योग्य केलं, ते पुन्हा कष्टावर जातं. कूलर घ्या. त्यात तिची अक्कल दिसते, मार्च का आणि एप्रिल का नाही हा तिने लावलेला हिशोब आहे, आणि शेजारी तिला विचारायला येतात म्हणजे ती त्या बिल्डिंगमधली जाणकार आहे. कोणी तिच्यासाठी हळहळत नाही, लोक तिच्याकडून शिकतात. मात्र सांगताना "बाईमाणूस असून पंप उघडते" या अंगाने अजिबात नको, तुमच्या वरच्या मजकुरात ते नव्हतं म्हणून तो चांगला वाटला. आणि तिचं वाक्य तिच्याच तोंडचं ठेवा, "पूर्ण नागपूर एकाच वेळी मिस्त्रीला फोन करते". ते ऐकून लोक हसतील आणि ती पण हसेल.

फ्रिजवरच्या कागदाला मी हात लावणार नाही, भाचा तिथे असेल आणि सातवीतल्या पोरांना आपल्या घरचं काम चारचौघांत सांगितलेलं आवडत नाही. त्याला आधी विचारा, तो हो म्हणाला तर घ्या.

रामटेक मात्र नक्की घ्या. वाढदिवस तिचा आहे आणि गाडी तिने स्वतःसाठी शिकली. एकट्या पालकाला शुभेच्छा देताना लोक शेवटपर्यंत मुलाबद्दलच बोलतात, जणू तिचं स्वतःचं वर्ष नव्हतंच. दोन प्रसंग पुरेत. तीन झाले की यादी होते आणि यादी ऐकताना लोक घड्याळ बघतात. वाचायला सव्वा मिनिट, त्याच्या वर नको.

सक्करदरा_आई

मी वेगळं बोलणार आहे. मी स्वतः एकटी पालक, मिस्टर करोनात गेले, दोन मुलं. इथे सगळे म्हणून राहिले की एकटीचा उल्लेख नको. मला पटत नाही. घरात दुसरं मोठं माणूस असतं तर रात्री मुलाला ताप आला की एकजण मेडिकलमध्ये जाते आणि एकजण पट्ट्या ठेवते. माझ्या घरी मी झोपलेल्या धाकटीला उठवून गाडीवर बसवते आणि दोघांना घेऊन मेडिकल गाठते. हा फरक आहे तो आहे. तो लपवून नुसतं "तू खूप हुशार" म्हटलं तर मला वाटतं समोरच्याला माझं घर दिसलंच नाही.

आणि अजून एक. माझ्या वाढदिवसाला मिस्टरांचं नाव कोणीच घेत नाही. सगळे इतके जपून बोलतात की जणू ते नव्हतेच. मला आवडेल कोणी म्हटलं तर, की त्यांना तुझी पुरणपोळी आवडायची. मावशी तुमचा तो नसलेल्या माणसाचा नियम माझ्या घरी चालणार नाही.

मानपत्रवाल्या_मावशी

@सक्करदरा_आई खरं आहे. तो नियम मी या ताईंच्या घरापुरता धरून बोलले, जिथे तो माणूस स्वतःहून बाहेर गेला आहे. तुमच्याकडे ते गेले, सोडून नाही गेले. तिथे नाव घ्यायचं की नाही हे तुमच्या जवळच्या एका माणसाने तुम्हाला आधी विचारायला हवं, आणि घेतलं तर ते तुमच्यावर कोणतं संकट आलं त्यासाठी नको, ते कसे होते त्यासाठी घ्यावं, पुरणपोळीसारखं.

तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मी म्हणेन एकदा सांगावं, सरळ, आणि पुढे जावं. "घरातले सगळे निर्णय ती घेते" या वाक्यात ते येतं. ऐकणाऱ्याला समजतं दुसरं कोणी नाही, पण वाक्य तिच्या अधिकाराबद्दल राहतं.

सक्करदरा_आई

मला अजूनही वाटतं हे थोडं झाकून सांगणं आहे. निर्णय घेते हे ठीक, पण रात्री दोन वाजता मेडिकलमध्ये जाणं निर्णय नसतो, ते जावंच लागते. असो, भाऊंची ताई वेगळी असेल, त्यांना माहीत.

हिंगणा_शिफ्ट

जरा विषयाबाहेर, पण ताईने पोराचा पासपोर्ट काढला का? मला मुलीचा काढायचाय, दोघांच्या सह्या मागतील का हीच भीती.

मनीषनगरचा_भाऊ

@हिंगणा_शिफ्ट हो, काढला. 2016 च्या डिसेंबरमध्ये नियम सोपे केलेत, फॉर्मवर आईवडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालते. ताईला एका पालकाचं वेगळं डिक्लेरेशन द्यावं लागलं होतं, दुसऱ्याची सही नसेल तर असतं ते. तुमच्या केसमध्ये मृत्यूचा दाखला सोबत ठेवा आणि बाकी पासपोर्ट सेवाच्या साइटवर तुमची परिस्थिती टाकून कोणते कागद लागतात ते बघून घ्या, तिथे यादी येते.

तर्री_मारके

भाऊ मदतीचं पण काही लिहिशील का भाषणात? म्हणजे "काही लागलं तर हाक मार, आम्ही आहोत" वगैरे. शेवटी तेवढं शोभते.

सक्करदरा_आई

इथे मी बोलते. "काही लागलं तर सांग" हे वाक्य मला महिन्यातून कितीदा ऐकू येतं. त्यात काम माझंच वाढते, काय लागते ते मी शोधायचं, कोणाला विचारायचं ते ठरवायचं आणि वरून संकोच पण मीच करायचा. माझ्या भावाने गेल्या वर्षी सांगितलं की दर दुसऱ्या शनिवारी मुलं माझ्याकडे, सकाळी दहा ते रात्री आठ, तू फोन पण करायचा नाहीस. ते शनिवार मी कधी नुसती झोपते, कधी बर्डीवर एकटी फिरते. पण हे त्याने मला एकटीला सांगितलं. पंधरा लोकांसमोर जाहीर केलं असतं तर मला ती देणगी वाटली असती आणि मी नाही म्हटलं असतं.

मानपत्रवाल्या_मावशी

यावर मला काहीच जोडायचं नाही. भाषणात मदत नको. वेगळी सांगा, वार आणि वेळ ठरवून.

मनीषनगरचा_भाऊ

लिहिलं. भाच्याला फ्रिजच्या कागदाचं विचारलं, तो नाही म्हणाला, म्हणून तो घेतला नाही. वाचा:

"ताई, आज तू चाळीस वर्षांची झालीस. या घरातले सगळे निर्णय तू घेतेस, आणि ते कसे घेतेस हे ज्याला बघायचं असेल त्याने होळीनंतरच्या रविवारी तुझ्या गॅलरीत यावं. कूलर उघडलेला असतो, खस बाजूला, पंप बादलीत. मी एकदा विचारलं होतं एवढी घाई काय आहे, तर तू म्हणालीस एप्रिलमध्ये पूर्ण नागपूर एकाच वेळी मिस्त्रीला फोन करते. तेव्हापासून मी पण मार्चमध्ये खस आणतो आणि माझ्या सासरी पण आणायला लावतो. मागच्या वर्षी तू गाडी शिकलीस आणि आईला घेऊन रामटेकला गेलीस. मी सोबत येतो म्हणालो तर नको म्हणालीस. आई सांगते गडावरून उतरताना तू गाडीत गाणं म्हणत होतीस. या वर्षी चिखलदऱ्याला जायचं म्हणतेस, घाट आहे, जा. वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा ताई."

दुसरा शनिवार मी तिला वेगळा सांगणार आहे, सोमवारी, फोनवर.

महाल_काकू

गाण्याचं वाचून मला फार छान वाटलं रे. मी असते तर एक ओळ तरी टाकली असती की आम्हाला तुझा अभिमान वाटतो. तेवढं तरी म्हण.

मानपत्रवाल्या_मावशी

चांगलं झालंय. "ज्याला बघायचं असेल त्याने" हे वाचताना सावकाश वाचा, तिथे लोकांना समजायला वेळ लागेल. काकूंची ओळ घ्यायची तर शेवटी घ्या, "आम्हाला" नको, "मला" म्हणा. अभिमान तुमचा आहे, पंधरा लोकांच्या वतीने सांगू नका.

सक्करदरा_आई

मला मिळालं असतं तर मी ठेवून घेतलं असतं. सगळे निर्णय तू घेतेस या ओळीबद्दल माझं मत तेच आहे.

इतवारी_वाला

वाचलं भाऊ, मस्त जमलं. फ्लेक्स राहू दे मंग. बर्फी दोन किलो पाठवतो, पंधरा माणसाले पुरते. अन् @हिंगणा_शिफ्ट दादा, तुमचा वाढदिवस कधी असते? तुमच्या शिफ्टचं मी बोलतो येऊन, मले माइक लागत नाही.

हिंगणा_शिफ्ट

नोव्हेंबरमध्ये. या दादा, सहानंतर या, मी घरीच असतो.